पेढ्याच्या अर्धा किलो डब्याची डायलाइन: तपासणीच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

साताऱ्याच्या एका मिठाई दुकानाचा नवा डबा. कंदी पेढे, अर्धा किलो, पहिली खेप दहा हजारांची, दसरा-दिवाळीसाठी. डिझाइन पुण्यातल्या एका मुलीने केलंय, छपाई-पंचिंग-पेस्टिंग एकाच छापखान्यात. माझ्याकडे काम एवढंच की डाय बनायला जायच्या आधी डायलाइन, म्हणजे पुठ्ठा कुठे कापायचा आणि कुठे दुमडायचा त्याचा आराखडा, आणि त्यावर बसवलेलं आर्टवर्क तपासून द्यायचं. डाय म्हणजे पंचिंगमध्ये पुठ्ठा कापणारा पात्यांचा साचा, ती एकदा लाकडात बसली की प्रत्येक बदलाला पैसे आणि दिवस जातात, म्हणून जे भांडायचं ते आत्ताच.

डबा ‘सिक्स कॉर्नर’ प्रकारचा आहे. तळ, चार भिंती आणि मागच्या भिंतीला जोडलेलं झाकण, सगळं एकाच पुठ्ठ्यातून. तळाचे चार कोपरे आणि झाकणाचे पुढचे दोन कोपरे चिकटवलेले, म्हणून सहा. दुकानात तो चपटा येतो आणि काउंटरवरचा माणूस भिंती उचलून एका झटक्यात उभा करतो. गर्दीच्या दिवशी हाच झटका महत्त्वाचा, आणि तो बसतो की अडकतो हे सगळं डायलाइनच्या अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर ठरतं.

आधी मापाचं मूळ पाहिलं. पेढा साधारण २१ ग्रॅमचा, ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि १५ मिलिमीटर जाड. २४ पेढ्यांचे ५०४ ग्रॅम होतात. चार बाय तीनचा थर, असे दोन थर. म्हणजे आतून निदान १५२ बाय ११४ जागा लागते आणि बटरपेपर धरून उंची ३२ च्या आसपास. फाइलमध्ये आतलं माप १६० बाय १२० बाय ४२ दिलंय. लांबी-रुंदी ठीक. उंची जरा सढळ वाटते, त्यावर नंतर येतो.

फाइल उघडून सर्वांत आधी तळाची लांबी मोजली, कारण मेलने फिरलेली फाइल कधीकधी ९७ टक्क्यांवर सेव्ह झालेली असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे माप बरोबर, एकास एक. पण डायच्या रेषा चार रंगांतल्या मॅजेंटाने काढल्यात आणि आर्टवर्कच्याच थरावर आहेत. अशा रेषा प्लेटवर उतरतात आणि डब्यावर छापून येतात. कापायच्या रेषांना `Cut` आणि दाबाच्या रेषांना `Crease` असे दोन वेगळे स्पॉट रंग, वेगळा थर आणि ओव्हरप्रिंट चालू, असं लिहून कळवलं. ओव्हरप्रिंट नसेल तर नुसता थर वेगळा करूनही भागत नाही. रेषेखालचा मरून रंग खोडला जातो आणि क्रीजवर केसाएवढी पांढरी रेघ राहते.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज फक्त घड्यांच्या रेषा.

पुठ्ठा ३०० जीएसएमचा फोल्डिंग बॉक्स बोर्ड. छापखान्याने पाठवलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजला, ०.४८ मिलिमीटर. पुढचा सगळा हिशेब अर्धा मिलिमीटर जाडी धरून केला.

क्रीज म्हणजे घडीची मधली रेष. आतलं माप १६० हवं असेल तर दोन क्रीजमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरने जास्त, १६०.५ ठेवावं लागतं. तळाला ते बरोबर आहे. उभ्या डब्याचं बाहेरून माप मग १६१ येतं. आता झाकण. झाकणाच्या बाजूच्या पट्ट्या तळाच्या भिंतींच्या बाहेरून खाली उतरतात, म्हणजे झाकण आतून १६१ पेक्षा मोठं हवं. फाइलमध्ये झाकणाच्या दोन क्रीजमधलं अंतर १६१ आहे. त्यातून पुठ्ठ्याची जाडी वजा केली की आतून उरतं १६०.५. एकशे एकसष्टचा डबा एकशे साडेसाठच्या झाकणात जाणार नाही. कागद लवचिक असल्यामुळे तो दाबून बसेलही, पण दोन-चार उघडझापीत झाकणाचे कोपरे उसवतील. डिझायनरचं म्हणणं, ‘अर्धा मिमी मोठं केलं होतं ना.’ अर्धा मिलिमीटर एका भिंतीचा झाला. दुसऱ्या भिंतीचा आणि हवा जायला लागणाऱ्या फटीचा राहिला. झाकण आतून १६२ धरलं, म्हणजे क्रीज ते क्रीज १६२.५. खोलीच्या दिशेलाही तसंच, बिजागरीच्या क्रीजपासून पुढच्या क्रीजपर्यंत १२१ होतं ते १२२ करायला सांगितलं.

दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि बऱ्याच तयार टेम्प्लेटमध्येही चुकलेली असते. बाजूच्या भिंतीच्या टोकाला जो ग्लू फ्लॅप आहे, त्याची क्रीज आणि तळ व पुढची भिंत यांच्यामधली क्रीज फाइलमध्ये एकाच सरळ रेषेत आहेत. दिसायला नेटकं. पण फ्लॅप पुढच्या भिंतीच्या आत बसतो, तेव्हा त्याची घडी एका जाडीएवढी आत, तळाच्या दिशेने सरकलेली हवी. नाहीतर बाजूची भिंत अर्धा मिलिमीटर लांब पडते आणि पुढच्या भिंतीला वरून बाहेर ढकलते. डबा रिकामा असताना पुढून फुगलेला दिसतो आणि त्यावर झाकण अडकतं. तळाचे चारही फ्लॅप अर्धा मिलिमीटर आत, झाकणाचे दोन तसेच.

क्रीज नीट पडायची तर डायवाल्याला पुठ्ठ्याची जाडी कळवावी लागते. कटिंगच्या पात्याची उंची २३.८ मिलिमीटर असते आणि क्रीजची पट्टी त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या जाडीएवढी बुटकी, म्हणजे इथे २३.३. पट्टीची जाडी दोन पॉइंट, ०.७१ मिलिमीटर. समोरच्या खाचेची रुंदी पट्टीची जाडी अधिक पुठ्ठ्याची दीडपट: ०.७१ आणि ०.७५ मिळून १.४६, म्हणजे दीडची खाच घ्यायची. खाच रुंद झाली तर घडी कुठे पडायची ते पुठ्ठाच ठरवतो, आणि अरुंद झाली तर वरचा थर फाटतो. हे आकडे डायलाइनच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, म्हणजे फोनवर सांगायची वेळ येत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

ग्लू फ्लॅप. या डब्यात सर्वांत जास्त विचार इथे लागतो.

प्रत्येक फ्लॅपवर ४५ अंशांची तिरकी क्रीज आहे. ती फ्लॅपचे दोन त्रिकोण करते. भिंतीजवळचा त्रिकोण मोकळा राहतो आणि बाहेरचा त्रिकोण चिकटतो. पेस्टिंग मशीनवर पुठ्ठा छापील बाजू खाली करून जातो. आधी बाहेरचा त्रिकोण उलटा दुमडला जातो, त्यामुळे त्याची छापील बाजू वर येते. त्यावर गोंद पडतो. मग बाजूची भिंत आत दुमडली की तो त्रिकोण पुढच्या (किंवा मागच्या) भिंतीच्या आतल्या अंगावर जाऊन बसतो. चपटा डबा तयार. डबा उभा करताना तिरकी घडी उलगडते आणि भिंत आपोआप वर येते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: तिरकी क्रीज बरोबर त्या बिंदूतून निघाली पाहिजे जिथे तळ, बाजूची भिंत आणि पुढची भिंत यांच्या घड्या भेटतात. फाइलमध्ये मागच्या डाव्या कोपऱ्याची तिरकी रेष त्या बिंदूपासून दीड मिलिमीटर बाजूला आहे, बहुधा कॉपी करून उलटवताना सरकली. असा एकच कोपरा असला तरी डबा उभा केल्यावर वाकडा राहतो, आणि माणूस जोर लावतो तेव्हा नेमका तोच कोपरा फाटतो.

दुसरी: गोंद छापील बाजूवर पडतो. म्हणून त्या त्रिकोणावर शाई, वॉर्निश, फिल्म यातलं काही नको. नेहमीचा पाण्यातला गोंद पुठ्ठ्याच्या तंतूंमध्ये शिरून धरतो, वॉर्निशवर तो नुसता वाळून बसतो आणि नखाने सुटतो. फाइलमध्ये मात्र मरून रंग सहाही फ्लॅपवर पूर्ण पसरलाय. पार्श्वभूमीचा मोठा चौकोन ओढला आणि त्यावर डाय ठेवली की असं होतं.

पण फ्लॅप कोरा करायचा म्हणून क्रीजला अगदी टेकवून रंग कापायचा नाही. पंचिंग अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकलं तर कोपऱ्यावर पांढरी उभी रेघ दिसते. बाजूच्या भिंतीचा रंग फ्लॅपवर तीन मिलिमीटर आत न्यायचा आणि तिथे थांबवायचा.

आता एक अडचण. पुढच्या भिंतीची उभी कड आणि फ्लॅपची खालची कड फाइलमध्ये एकाच कटने वेगळ्या होतात. मग पुढच्या भिंतीच्या ब्लीडला, म्हणजे कापाच्या रेषेबाहेर मुद्दाम वाढवलेल्या रंगाला, जागाच उरत नाही. तिचे तीन मिलिमीटर सरळ फ्लॅपवर, तेही चिकटणाऱ्या त्रिकोणाच्या तळाशी पडतात. यावर फ्लॅपची ती कड उतरती करणं हा उपाय. कोपऱ्याजवळ एक मिलिमीटर फट आणि टोकाकडे पाच. मधली पाचर कचऱ्यात जाते आणि बहुतेक ब्लीड त्या पाचरीवरच पडतं. कोपऱ्याजवळ थोडी शाई तरीही फ्लॅपवर येणार, ती चालेल, कारण गोंद तिथपर्यंत न्यायचाच नाही.

गोंदाची जागा डायलाइनवर वेगळ्या थरात आखून दिली. तिरक्या क्रीजपासून चार मिलिमीटर सोडून, कोपऱ्याच्या आणि खालच्या कडेपासून चार, बाकी कडांपासून दोन. तिरक्या घडीत गोंद शिरला तर ती उलगडत नाही. वरच्या कडेतून पिळून बाहेर आला तर तो डब्याच्या आत, पेढ्याशेजारी दिसतो. फ्लॅपची उंचीही भिंतीपेक्षा दोन मिलिमीटर कमी करायला सांगितली, नाहीतर वरच्या काठावर दुहेरी कड दिसते.

एक बरं आहे. फ्लॅपची छापील बाजू भिंतीला चिकटून लपते आणि आत कोरा पुठ्ठाच राहतो. छापलेली बाजू खाण्याला लागू नये हा अन्नसुरक्षेचा नियम या बांधणीत आपोआप पाळला जातो. दुकानाला आतूनही छपाई हवी होती, ती मी नको म्हटली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी छापखान्याचा फोन. ‘साहेब, ब्लीड दोन करा, तीनने शीटवर बसत नाही.’

हिशेब मांडून पाहिला. शीट वीस बाय तीस इंच, म्हणजे ५०८ बाय ७६२ मिलिमीटर. चार डबे बसवायचे, दोन आडवे, दोन उभे. तळ आणि बाजूच्या दोन भिंती मिळून उघड्या डब्याची रुंदी १६०.५ अधिक ४२ दुणे, २४४.५. दोन डब्यांचे ४८९. दोन्हींच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ब्लीड म्हणजे आणखी १२, झाले ५०१. शीट पकडणाऱ्या मशीनच्या ग्रिपरला १० सोडायचे, ५११. तीन मिलिमीटर जास्त. त्यांचं चूक नाही.

पण ब्लीड कापण्यापेक्षा मला दुसरी वाट दिसत होती. सोमवारी उंचीबद्दल लिहिलं होतं ती. पेढ्यांना ३२ पुरतात, डबा ४२ चा आहे. वर दहा मिलिमीटर मोकळं राहिलं तर प्रवासात वरचा थर खालच्यावर आपटतो. भिंती ४० केल्या की शीटच्या त्या दिशेला चार भिंतींचे आठ मिलिमीटर सुटतात. ५११ चे ५०३ होतात, ब्लीड पूर्ण तीन राहतं आणि शेपटाला पाच उरतात. दुसऱ्या दिशेला अडचण नव्हतीच. पुढची भिंत, तळ, मागची भिंत, झाकण आणि तीस मिलिमीटरची पुढची पट्टी, सगळं मिळून साधारण ३५३, दोन डबे सव्वासातशेच्या आत.

दुकानाचे धाकटे मालक आधी कुरकुरले, डबा ‘भरलेला’ दिसला पाहिजे म्हणाले. त्यांना सांगितलं, बुटक्या डब्यातच तो भरलेला दिसतो. मग हो म्हणाले.

बाकी कडांचं ब्लीड तपासलं. झाकणाच्या पट्ट्यांच्या कडांना रंग नुसता कटपर्यंत आहे, बाहेर अजिबात नाही. हीच कड गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर असते. तिथे तीन. तळाच्या बाजूच्या भिंतींच्या वरच्या कडा झाकणाखाली जातात, तिथे ब्लीड थोडं हललं तरी बंद डब्यात कळत नाही. तरी तीनच ठेवलं, डबा ताटलीशेजारी उघडा ठेवला जातोच.

११ ऑगस्ट, सोमवार

लोगो. दुकानाच्या लोगोवर सोनेरी फॉइल आहे, खाली पन्नास मिलिमीटर रुंदीचं नाव, आणि झाकणाच्या कडेने एक बारीक सोनेरी चौकट.

आधी दिशा. स्क्रीनवर डायलाइन अशी ठेवलीय की सर्वांत खाली पुढची भिंत, मग तळ, मग मागची भिंत, मग झाकण आणि सर्वांत वर झाकणाची पुढची पट्टी. बंद डबा समोर ठेवला की झाकणाची गिऱ्हाइकाकडची कड ही स्क्रीनवरची वरची कड असते. म्हणून झाकणावरचा लोगो स्क्रीनवर उलटा, पाय वर केलेला दिसला पाहिजे. पुढच्या पट्टीवरचा मजकूरही उलटा. पुढच्या भिंतीवरचाही, कारण तिची मोकळी कड उभ्या डब्यात वर जाते. फक्त मागची भिंत सुलटी. डिझायनरने झाकण उलटं केलं होतं, पण त्याबरोबर मागच्या भिंतीवरचा घटकांचा मजकूर, परवाना क्रमांक आणि शाकाहारी खूणही उलटी केली होती. छापून आलं असतं तर मागून वाचायला डबा डोक्यावर धरावा लागला असता. हे स्क्रीनकडे बघून मनात फिरवत बसू नये. ए-फोरवर लहान प्रिंट काढून कापून दुमडलं की उलटं-सुलटं लगेच दिसतं. तिलाही तेच सांगितलं.

मग पुढची भिंत. ४० मिलिमीटरच्या त्या भिंतीवर दुकानाचं नाव मधोमध आहे. झाकणाची पुढची पट्टी ३० ची. बंद डब्यात भिंतीचे फक्त खालचे दहा मिलिमीटर दिसतात, आणि त्यात नावाचा खालचा काना-उकार तेवढा डोकावतो. नाव झाकणाच्या पट्टीवर नेलं, भिंतीवर नुसती वेलबुट्टी.

चौकटीबद्दल बराच वेळ बोलणं झालं. ती क्रीजपासून अडीच मिलिमीटरवर आहे. छपाई, फॉइल आणि पंचिंग ही तीन वेगळी कामं, प्रत्येकात थोडं सरकणार. मिळून ०.८ मिलिमीटर सरकलं असं धरू. एका बाजूला चौकट ३.३ वर दिसेल आणि समोरच्या बाजूला १.७ वर, जवळजवळ दुप्पट. दरवाजाची चौकट तिरपी बसावी तसं ते डोळ्याला खुपतं. तीच चौकट सात मिलिमीटर आत घेतली तर फरक ७.८ आणि ६.२ चा राहतो, कुणी मोजल्याशिवाय कळत नाही. डिझायनर म्हणाली, ‘सर, मग झाकण लहान वाटतं.’ वाटतं, खरंय. मी चौकटच काढून टाकावी या मताचा. शेवटी ती सात मिलिमीटरवर ठेवायची ठरली.

तसाच प्रश्न रंग बदलतो त्या रेषेचा. झाकणाचा वरचा भाग मरून आणि पट्ट्या साय रंगाच्या, बदल बरोबर क्रीजवर. पाव मिलिमीटर सरकलं तरी मरूनची ओघळ पट्टीवर किंवा सायीची कड वर. मरून रंग मुद्दाम आठ मिलिमीटर खाली पट्टीवर उतरवला. आता तो सरकला तरी पट्टा आठऐवजी साडेसात दिसेल, एवढंच.

लोगोची जागा ठरवायला दुकानात फोन केला आणि एकच विचारलं: डबा बांधता कसा? सुतळी नव्हे, पांढरा दोरा, आडवा-उभा, गाठ मधोमध. म्हणजे लोगो बरोबर मध्यावर असेल तर गाठ त्याच्या डोक्यावर बसते आणि दोरा फॉइलवर घासतो. लोगो मध्यापासून मागे, बिजागरीकडे सरकवला आणि नाव पुढच्या अर्ध्या भागात घेतलं. आडवा दोरा दोघांच्या मधून जातो. उभा दोरा दोघांवरूनही जाणार, त्याला इलाज नाही. फॉइल कुठल्याही क्रीजपासून निदान पाच मिलिमीटर लांब आहे ना तेही पाहिलं, घडीवर फॉइल तडकतं.

आणखी एक मागून घेतलं. तळाच्या बाहेरच्या बाजूला ६० बाय २५ चा कोरा, वॉर्निश नसलेला चौकोन. तारखेचा शिक्का तिथे मारतात आणि वॉर्निशवर शिक्क्याची शाई बोटाने पुसली जाते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सुधारलेली फाइल आली, आणि छापखान्याने प्लॉटरवर त्याच पुठ्ठ्यातून कोरे डबे कापून पाठवले. डबलसाइड टेपने चिकटवले.

झाकण स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, शेवटचे काही मिलिमीटर बोटाने दाबावे लागतात. असंच हवं. पुढची भिंत सरळ. २४ पेढे भरून हलवून पाहिलं, वरचा थर थोडा सरकतो पण उलटत नाही. पेढे नंतर संपले, ते सांगायला नको.

एक नवीन सापडलं. झाकण पूर्ण मागे उघडलं की ते आपल्या वजनाने मागची भिंत ओढतं आणि भिंत बाहेर कलते. रिकाम्या डब्याचंच असं होतं, भरलेला टिकतो. बदल काही सुचवला नाही.

ग्रेनचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या तंतूंच्या दिशेचा, बाण फाइलवर नव्हता, तो मागितला. लेआउट फिरवून पुठ्ठा वाचवायचा मोह शीट लावणाऱ्याला होतो. मग कोऱ्या नमुन्यात तंतू एका दिशेने आणि मालात दुसऱ्या दिशेने असं होऊन बसतं. झाकणाचा कडकपणा आणि घडीची पकड दोन्ही बदलतात.

२० ऑगस्ट, बुधवार

डाय आली, छापील शीटवर पहिलं पंचिंग छापखान्यात उभं राहून पाहिलं.

आधी क्रीज. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर घडीच्या जागी सलग, गोल उंचवटा लागला पाहिजे. सगळीकडे लागला, बिजागरीवर मात्र उंचवटा चपटा. तिथे दुमडल्यावर मरूनमध्ये पांढरे केस फुटले. पंचिंगवाल्या काकांनी न विचारताच खाली पाहिलं. बिजागरीची खाच बाकीच्यांसारखीच दीडची होती, पण तिची पट्टी बैठकीवर थोडी तिरकी बसली होती, त्यामुळे क्रीज खाचेच्या एका कडेवर पडत होती. पट्टी उचलून पुन्हा बसवली. दुसऱ्या शीटवर उंचवटा बरोबर, केस बंद.

इथेच मालकांचा मॅट फिल्मचा आग्रह पुन्हा निघाला. फिल्मने घडीवरची फूट झाकली जाते हे खरं. पण ती शीटभर लागते, फ्लॅपच्या त्रिकोणावरसुद्धा. मग एकतर फिल्मवर धरणारा वेगळा गोंद, नाहीतर डायमध्ये त्रिकोणावर बारीक टोचे मारणारी पाती, म्हणजे गोंद खाली पुठ्ठ्यापर्यंत पोहोचेल. दोन्ही होतात, दोन्हींना खर्च. पाण्यातला मॅट वॉर्निश लावला तर वॉर्निश लावणारं रबरी ब्लँकेट कापून सहा फ्लॅप आणि शिक्क्याचा चौकोन सहज सोडता येतात. क्रीज नीट पडत असताना फिल्मची गरज मला दिसली नाही. दोन नमुने शेजारी ठेवले, वॉर्निश ठरला.

चौकट मोजली. एका बाजूला ७.४, समोर ६.६.

२५ ऑगस्ट, सोमवार

पेस्टिंगची पहिली रास. परवा गणपती, छापखाना बंद होणार, म्हणून आजच पाहून घेतलं.

मशीनवरून उतरलेले चपटे डबे दाबाखाली ठेवले होते. शनिवारी चिकटवलेल्या चाचणीच्या डब्यांचे कोपरे ओढून फाडले. फाटताना त्रिकोणावर पुठ्ठ्याचे तंतू उपटून आले तर गोंद धरलाय, आणि दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत सुटले तर नाही. तळाच्या चारही कोपऱ्यांना तंतू आले. झाकणाच्या उजव्या कोपऱ्याला निम्म्याच भागात आले, उरलेला अर्धा स्वच्छ सुटला. भिंगातून पाहिलं तर तिथे वॉर्निशची चमक. ब्लँकेटवरचा काप त्या जागी दोन मिलिमीटर कमी घेतलेला होता. काप वाढवला. त्या चाचणीच्या शीट बाजूला काढल्या, पुढच्या शीटवर वॉर्निश अजून लागायचाच होता.

उभं करण्याची चाचणी काउंटरवर काम करणाऱ्या दोन मुलांकडून करून घ्यायला दुकानात गठ्ठा पाठवला. त्यांचा निरोप संध्याकाळी आला: डबा झटकन उभा राहतो, पण गठ्ठ्यातून एक काढताना दोन येतात. चपट्या डब्यात झाकणाची बाजू तळाच्या बाजूपेक्षा वेगळी जाड असते, त्यामुळे गठ्ठा कलतो आणि डबे एकमेकांत घुसतात. पंचवीस-पंचवीसला दिशा उलटी करून बांधायला पेस्टिंगवाल्यांना सांगितलं. डायलाइनमध्ये यासाठी काही करायचं नाही.

अंतिम फाइल, ग्रेनचा बाण, गोंदाचा थर आणि वॉर्निशचा थर एकत्र करून छापखान्याला पाठवली. ‘पेढा ५०० ग्रॅम, उंची ४०’ असं नावात टाकलं, म्हणजे जुनी बेचाळीसची फाइल पुन्हा कुणी उघडणार नाही. एक किलोच्या डब्याचं काम गणपतीनंतर. त्यात तळ २४० लांब असणार, तेव्हा झाकणाच्या मधल्या भागाचा झोळ आधी बघायचा आणि पुठ्ठा ३५० जीएसएमचा लागेल का ते कोऱ्या नमुन्यावर ठरवायचं.